सकाळी साडेनऊची पहाट

"अगं, एक विचारायचंय, हसू नकोस. गेल्या महिन्यात मला मेडिकल वॉर्डातून आयसीयूत टाकलं आणि तिथं सिस्टर कमी म्हणून सलग नाईट लावल्या. रात्री आठ ते सकाळी आठ. पाच नाईट, मग दोन ऑफ. हॅन्डओव्हर देऊन घरी पोचायला नऊ होतात. आंघोळ, दोन घास, साडेनऊला आडवी. इथपर्यंत ठीक. पण झोप लागते न लागते तोच स्वप्नं सुरू. आणि साधीसुधी नाहीत. काल काय, तर चार नंबरच्या बेडचा इन्फ्युजन पंप वाजतोय, मी धावतेय पण पाय उचलत नाहीत, आणि बेडवर पेशंटच्या जागी आमची आजी बसलीय. नऊवारीत, मटार सोलत. मला म्हणते, 'बाटली संपली, बघ की.' दचकून उठले तर पावणेअकरा वाजलेले. म्हणजे पुरता दीड तासही झाला नव्हता. पंप कुठला, खाली भंगारवाल्याचा भोंगा चालू होता.

मॉर्निंग होती तेव्हा महिन्याकाठी एखादं स्वप्न आठवायचं. आता रोज, तेही रंगासकट. आणि ऑफच्या रात्री घरी वेळेवर झोपते तेव्हा तर कहरच, पहाटेपासून एकामागून एक. सासूबाई म्हणतात, आजी दिसली म्हणजे तिचं काहीतरी राहिलंय, पान वाढ. इन्चार्ज सिस्टर म्हणते, टेन्शन घेतेस. मला खरंच तसं टेन्शन नाही. गोळ्या म्हणशील तर लोह आणि कॅल्शियम, बस. डोक्यात काही बिघडलंय का? रात्रपाळी मानवत नाही का मला? झोपेची गोळी घेऊ का?"

हा मेल माझ्या वर्गमैत्रिणीचा. नर्सिंगला आम्ही एका बाकावर होतो. पुढे ती वॉर्डात राहिली आणि मी झोपेच्या तपासण्या होतात त्या विभागात आले. तिला विचारून, ओळख पटेल असं सगळं गाळून तो इथे दिला आहे, कारण हाच प्रश्न मला रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, कॉल सेंटरमधली मुलं आणि कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारे लोकही विचारतात. तिच्या डोक्यात काही बिघडलेलं नाही. ती ज्या वेळी झोपते, ती वेळच तिच्या शरीराच्या हिशेबी स्वप्नांची आहे. हे कसं, ते तिच्याच वेळापत्रकावरून बघू.

रात्रीची मांडणी

माणूस झोपला की झोप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाचे टप्पे येतात आणि रात्रीत असे चार-पाच टप्पे होतात. पहिल्या दोन टप्प्यांत गाढ झोप जास्त असते. हाक मारली तरी माणूस लवकर जागा होत नाही, ती हीच. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक वेगळी झोप येते. पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, श्वास अनियमित होतो, मेंदूचा आलेख जागेपणासारखा दिसतो आणि हातापायांचे स्नायू मात्र पार सैल पडलेले असतात. तिला आरईएम झोप म्हणतात. आपण तिला स्वप्नझोप म्हणू.

ती ओळखली गेली शिकागो विद्यापीठात. यूजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड चिकटवून रात्रभर आलेख काढले आणि मधूनमधून डोळ्यांच्या हालचालींचे झटके उमटलेले पाहिले. आधी त्याला यंत्रातच बिघाड वाटला. त्याचे मार्गदर्शक नॅथॅनिअल क्लाइटमन यांच्यासह त्याने हे निरीक्षण १९५३ साली प्रसिद्ध केलं. या झोपेत असताना लोकांना उठवलं, तर दहापैकी सात-आठ वेळा ते एखादं ठसठशीत स्वप्न सांगत. एरवीच्या झोपेतून उठवलं तर बहुतेक वेळा काही नाही. पुढच्या संशोधनात दिसलं, की बाकीच्या झोपेतही मनात काहीबाही चालू असतं. पण ते बहुधा तुटक, विचारासारखं असतं. गोष्ट असलेली, भावनेनं भरलेली, चित्रविचित्र स्वप्नं मुख्यतः स्वप्नझोपेतली.

रात्री अकराला झोपणाऱ्या माणसाची पहिली स्वप्नझोप साडेबाराच्या आसपास येते आणि पाच-दहा मिनिटांत संपते. पहाटेची शेवटची मात्र अर्धा तासही चालते. आपल्याकडे 'पहाटेचं स्वप्न खरं होतं' असं म्हणतात. खरं होतं की नाही ते सोडा, पण पहाटेची स्वप्नं जास्त, लांब आणि लक्षात राहणारी असतात, हे निरीक्षण अगदी बरोबर आहे.

दोन वेगळे हिशेब

आता कळीचा मुद्दा. गाढ झोप आणि स्वप्नझोप या दोन्ही एकाच नियमाने चालत नाहीत. १९८२ साली झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी झोपेचं जे प्रारूप मांडलं, ते आजही आमच्या कामाचा पाया आहे. त्यात दोन हिशेब आहेत. पहिला, तुम्ही किती तास जागे आहात याचा. जितकं जागरण जास्त तितकी गाढ झोपेची ओढ जास्त, आणि झोप लागली की ती आधी फेडली जाते. दुसरा हिशेब शरीराच्या घड्याळाचा. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो साधारण चोवीस तासांचा ताल धरतो आणि उजेडावरून स्वतःला लावून घेतो. स्वप्नझोप मुख्यतः या दुसऱ्या हिशेबाने चालते.

हे घड्याळ बाहेरून बघायचं असेल तर नर्सला शिकवावं लागत नाही. टीपीआर चार्टवर निरोगी माणसाचंही तापमान संध्याकाळी थोडं वर आणि पहाटे चारच्या सुमाराला सर्वांत खाली असतं. नाईटला चार वाजता अचानक थंडी वाजते, स्वेटर ओढावासा वाटतो, औषधांची लेबलं दोनदा वाचावी लागतात, ते याचमुळे. तापमान तळाला जाऊन पुन्हा चढायला लागतं, त्या सुमाराला स्वप्नझोपेचा जोर सर्वांत जास्त असतो. तो सकाळभर टिकतो आणि दुपारकडे उतरतो.

आता माझ्या मैत्रिणीचं बघा. मॉर्निंगला ती रात्री अकरा ते सहा झोपायची. म्हणजे तिचा तापमानाचा तळ पहाटे चारच्या आसपास. नाईट लागल्यावर घड्याळ लगेच उलटत नाही. सगळं अनुकूल असलं तरी ते दिवसाला फार तर तासा-दोन तासांनी सरकतं. तिचं तर तेवढंही सरकत नाही, कारण सकाळी आठला ती लख्ख उन्हात बाहेर पडते आणि तळानंतरच्या त्या वेळी मिळालेला उजेड घड्याळाला पुन्हा दिवसाकडे ओढतो. त्यात पाच नाईटनंतर दोन ऑफ, म्हणजे सरकलेलं थोडंफारही परत मागे. तेव्हा साडेनऊला ती पडदे ओढून झोपते, तेव्हा बाहेर ऊन असलं तरी तिच्या शरीरात पहाट नुकतीच सरून सकाळ वर येत असते. स्वप्नझोपेचं दार अजून सताड उघडं असतं.

म्हणून क्रमच बदलतो. अकराला झोपणाऱ्याला पहिली स्वप्नझोप दीड तासाने, घोटभर मिळते. हिला ती त्याच्याआधी मिळते आणि लांबते. साडेनऊला आडवी झालेली बाई पावणेअकराला ठसठशीत स्वप्नातून उठते, यात नवल नाही. मी तिला विचारलं, "रात्री मध्ये पाठ टेकायला मिळते का?" तिचं उत्तर होतं, "कधी तीनला तासभर मिळते, कधी नाही." मग आणखी एक गोष्ट उलगडली. ज्या रात्री तो तास मिळतो, त्या सकाळी स्वप्नं आणखी लवकर येतात. गाढ झोपेची ओढ थोडी आधीच भागलेली असते, त्यामुळे सकाळी स्वप्नझोपेला वाट लवकर मोकळी होते. रात्रीची ती डुलकी चुकीची मुळीच नाही. पहाटेच्या चुका टाळायला ती उपयोगीच आहे. फक्त तिचा परिणाम सकाळी असा दिसतो.

ऑफच्या रात्री कहर का?

तिच्या मेलमधली मला सर्वांत रोचक वाटलेली ओळ ऑफच्या रात्रीची. दिवसा स्वप्नं लवकर येतात खरी, पण तिला एकूण स्वप्नझोप जास्त मिळते असं नाही, उलट कमीच पडते. कारण दीड-दोन वाजता झोप आपोआप मोडते. दुपारी शरीराचं तापमान चढतीला असतं, घड्याळ 'जागी राहा' म्हणत असतं, शिवाय कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल, शाळेतून आलेली मुलं. साडेनऊ ते दीड म्हणजे चार तास. मॉर्निंगला ती सात तास झोपायची. पाच दिवसांत बरीच झोप हुकते आणि हुकलेल्या झोपेत स्वप्नझोपेचा मोठा वाटा असतो.

शरीर याची वसुली करतं. विल्यम डिमेंट यांनी १९६० साली हे दाखवलं. झोपलेल्या माणसाला स्वप्नझोप लागताच ते उठवत. बाकीची झोप मिळू देत. सलग काही रात्री असं केल्यावर दोन गोष्टी घडल्या. एक, दर रात्री उठवायची वेळ जास्त जास्त वेळा येऊ लागली, कारण मेंदू पुन्हा पुन्हा स्वप्नझोपेत शिरू बघत होता. दोन, शेवटी निवांत झोपू दिल्यावर स्वप्नझोपेचं प्रमाण नेहमीपेक्षा वाढलं. एरवी ते एकूण झोपेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतं.

माझी मैत्रीण ऑफच्या रात्री हेच करते. पहिल्या प्रहरात जागरणाची गाढ झोप फेडते आणि पहाटेपासून स्वप्नझोपेची थकबाकी. दारू नियमित पिणारे किंवा काही नैराश्यविरोधी गोळ्या घेणारे लोक ती एकदम बंद करतात, तेव्हाही असंच होतं. ही द्रव्यं स्वप्नझोप दाबून ठेवतात आणि दाब निघाला की ती उसळते. हृदयासाठी किंवा मायग्रेनसाठी दिल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनीही काहींना ठळक स्वप्नं पडतात. म्हणूनच असा प्रश्न आला की आम्ही आधी गोळ्यांची यादी विचारतो. तिच्या यादीत असं काही नव्हतं.

पडणं वेगळं, आठवणं वेगळं

मॉर्निंगला असताना तिला स्वप्नं पडत नव्हती असं नाही. ती आठवत नव्हती. स्वप्नझोपेत नवी आठवण पक्की करणारी रसायनं मंदावलेली असतात. स्वप्न चालू असताना किंवा संपल्यावर काही मिनिटांतच जाग आली, तरच ते हाती लागतं. रात्रीच्या शांततेत माणूस स्वप्नातून पुढच्या टप्प्यात सरकतो आणि सकाळी कोरा उठतो. दिवसा भंगारवाला, कुरिअर, बँकेचा फोन हे सगळे तिला नेमके स्वप्नाच्या मध्यावर उठवतात. जेवढ्या वेळा झोप मोडते, तेवढी स्वप्नं हाती लागतात.

बाहेरचा आवाज स्वप्नात शिरतो, हेही जुनं निरीक्षण आहे. प्रयोगशाळेत झोपलेल्यांवर पाण्याचे शिंतोडे उडवले, तेव्हा काहींच्या स्वप्नात पाऊस किंवा गळकं छप्पर आलं. भोंग्याचा पंप झाला तो त्याच न्यायाने. महिनाभर त्याच आवाजावर धावणाऱ्या बाईच्या मेंदूने दुसरं काय केलं असतं? पाय न उचलण्याचं कारणही शरीरातच आहे. स्वप्नझोपेत मेंदूचा खालचा भाग स्नायूंना मिळणारे हुकूम अडवून धरतो, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं अंथरुणात करून बसलो असतो. भावनांशी निगडित भाग या वेळी तेजीत असतात आणि तर्क तपासणारा कपाळामागचा भाग शांत. म्हणून आयसीयूत मटार सोलणारी आजी स्वप्नात खटकत नाही. सासूबाईंना पान वाढायचं असेल तर जरूर वाढावं, त्यात वाईट काही नाही. पण आजी येण्याचं कारण ड्यूटी लिस्टवर सापडतं.

दोन आठवड्यांचा तक्ता

झोपेच्या गोळीबद्दल मी तिला स्पष्ट नाही म्हटलं. वॉर्डातल्या साठ्यातून किंवा ओळखीच्या औषध दुकानातून तर मुळीच नाही. गोळीने घड्याळ सरकत नाही. त्याऐवजी मी तिला दोन आठवडे तक्ता भरायला लावला. रकाने थोडेच: आडवी कधी झाले, झोप कधी लागली असं वाटतं, किती वेळा आणि कशाने जाग आली, कायमची कधी उठले, ड्यूटीवर डुलकी मिळाली का, शेवटचा चहा कधी, स्वप्न आठवलं का.

तक्ता बोलका निघाला. स्वप्न आठवलेल्या जवळजवळ प्रत्येक नोंदीशेजारी जागं होण्याचं बाहेरचं कारण होतं: बेल, फोन, शिट्टी. शेवटचा चहा पहाटे साडेपाचचा होता. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे ती झोपायची तेव्हाही बरंचसं अंगात असायचं. तिने चार बदल केले. चहा रात्री तीनपर्यंतच. घरी येताना टोपी आणि गॉगल, तोही ती बसने येते म्हणून. स्वतः गाडी चालवणाऱ्या पेंगुळलेल्या माणसाने गॉगल लावून डोळ्यांपुढे आणखी अंधार करू नये. खिडकीला जाड काळा पडदा. नऊ ते दोन बेल बंद आणि फोन दुसऱ्या खोलीत. शिवाय ड्यूटीला निघण्यापूर्वी संध्याकाळी तासाभराची दुसरी झोप, म्हणजे एकूण तास वाढावेत.

यामुळे घड्याळ पूर्ण उलटलं का? नाही. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्या बहुतेकांचंही ते पूर्ण उलटत नाही, कारण ऑफच्या दिवशी घर, सण, मुलं दिवसाच्याच वेळेवर चालतात. ऑफच्या दिवशीही पहाटे तीन-चारला झोपून दुपारी उठलं, तर तळ थोडा पुढे राहतो आणि पुढच्या नाईट सोप्या जातात, असा एक मधला मार्ग आहे. सासरच्या घरात तो जमत नाही, असं तिने एका ओळीत कळवलं. स्वप्नं थांबली नाहीत. पण सलग झोप पाच तासांवर गेली, आठवणारी स्वप्नं कमी झाली आणि ऑफच्या रात्रीचा कहर ओसरला.

कधी दाखवायला यावं

बहुतेकांचं प्रकरण इथेच मिटतं. सगळ्यांचं मात्र नाही. एकाच प्रसंगाचं, एखाद्या मृत्यूचं किंवा मारहाणीचं स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल आणि महिना उलटूनही सुटत नसेल, तर तो घड्याळाचा प्रश्न नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. झोपेत खरोखर लाथा-बुक्के मारले जात असतील, पलंगावरून खाली पडायला होत असेल, तर स्नायू सैल ठेवणारी यंत्रणा नीट चालत नसण्याची शक्यता असते. मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं. जाग आल्यावर काही क्षण अंग हलवता न येणं भीतीदायक असलं, तरी अधूनमधून झालं तर धोक्याचं नाही; अपुऱ्या आणि वेडीवाकडी वेळ असलेल्या झोपेत ते जास्त होतं.

दिवसा पुरेशी झोप मिळूनही बोलताबोलता डोळा लागणं, हसताना गुडघ्यातलं बळ जाणं, ही नार्कोलेप्सीची लक्षणं असू शकतात. त्या आजारातही स्वप्नझोप फार लवकर येते. आमच्याकडे दिवसा चार-पाच डुलक्या घ्यायला लावून जी तपासणी होते, तिच्यात झोप लागल्यापासून पंधरा मिनिटांत स्वप्नझोप आली का हे मोजतात. रात्रपाळी करणाऱ्यांच्या आलेखात नार्कोलेप्सी नसतानाही ती लवकर दिसू शकते. नुसता आलेख वाचणारा माणूस इथे चुकीचा शिक्का मारू शकतो.

तेव्हा पाळीवर काम करणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं आहे: झोपेच्या डॉक्टरकडे जाताना मागच्या दोन आठवड्यांचा झोपेचा तक्ता, चालू आणि नुकत्याच बंद केलेल्या गोळ्यांची यादी आणि ड्यूटी लिस्टची प्रत बरोबर न्या. डॉक्टरांनी पाळीच्या वेळा विचारल्या नाहीत, तर त्या स्वतः सांगा.